निम्मं-निम्मं की एकट्यानं? सोलापुरातल्या एका गणवेश कारखान्याचा हिशेब

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आणि टॉवेल आठवतात. शाळेचे गणवेश शिवणारे छोटे कारखाने इथे गल्लोगल्ली आहेत, हे फारसं कुणाला माहीत नसतं. आठ-दहा मशिनी, एक कटिंग टेबल आणि एक प्रेसवाला एवढ्यावर धंदा उभा राहतो, म्हणून नवीन माणूस या लाइनीत सहज उतरतो. मी अशा लहान कारखान्यांचे हिशेब बघतो. त्यातलं एक प्रकरण सविस्तर लिहितो, कारण ‘एकट्यानं करू की मित्राला भागीदार घेऊ’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आकड्यांसकट सापडतं. दोघांची परवानगी आहे. नावं लिहीत नाही, कारखान्यात त्यांना ज्या नावानं हाक मारतात तीच वापरतो.

मास्टर हा एका मोठ्या गणवेशवाल्याकडे कटिंग मास्टर होता. पगार महिना 25 हजार, हात साफ, साठवलेले 4 लाख. अण्णा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो टॉवेल-चादरीचा कमिशन एजंट, महिन्यातले निम्मे दिवस कलबुर्गी, विजयपूर, बिदर, लातूर या पट्ट्यात फिरतीवर. कापड दुकानदारांशी घरोबा, कन्नड आणि तेलुगू दोन्ही सफाईनं बोलतो. त्याच्याकडे घालायला 6 लाख होते, पण टॉवेलचं काम सोडायचं नव्हतं. विडी घरकुल वसाहतीच्या बाजूला भाड्यानं जागा बघून झाली, आणि ठरलं काय, तर अण्णा म्हणाला, “तुझं-माझं काय बे, निम्मं-निम्मं करू.” मास्टरनं मान डोलावली. त्यानंतर दोघं माझ्याकडे आले ते फक्त ‘कागद करून द्या’ म्हणून.

कागदाच्या आधी मी त्यांना एक अख्खं वर्ष वहीवर मांडायला लावलं.

आठ मशिनींवर दिवसाला साधारण शंभर नग निघतात. जानेवारीच्या अखेरपासून मेपर्यंतच्या सीझनमध्ये 10 हजार नग धरले. शर्ट-पँट मिळून सरासरी विक्री 260 रुपये. त्यातले 150 कापड, बटण, चेन, कॅनव्हास, पिशवी यांत जातात आणि 60 शिलाई, काज-बटण, प्रेस, पॅकिंगमध्ये. मास्टर स्वतः कापणार म्हणून कटिंगची मजुरी धरली नाही. नगामागे 50 रुपये उरले, म्हणजे सीझनचे 5 लाख. भाडं, वीज, मशीन दुरुस्ती आणि बँकेचं व्याज मिळून वर्षाचे 2 लाख गेले. सीझन संपल्यावर मशिनी रिकाम्या ठेवायच्या नाहीत, म्हणून दुसऱ्यांच्या कापडावर जॉबवर्क, 8 हजार नग, नगामागे 18 रुपये सुटतात, ते 1 लाख 44 हजार. वर्षाअखेर हातात 4 लाख 44 हजार.

हा आकडा बघून दोघं खूश झाले. निम्मे म्हणजे प्रत्येकी 2 लाख 22 हजार.

आता मास्टरच्या बाजूनं बघा. तो सकाळी आठला शटर उघडणार, रात्री बंद करणार, आणि नोकरीत वर्षाला मिळणारे 3 लाख सोडून 2 लाख 22 हजार घेणार. म्हणजे स्वतःच्या कारखान्यात तो पूर्वीपेक्षा कमी पगारावर राबणार. अण्णाचं टॉवेलचं उत्पन्न चालूच राहणार आणि वर हे 2 लाख 22 हजार. अण्णा लबाड नाही. त्यानं ‘निम्मं’ हा शब्द मनापासूनच वापरला होता. पण वर्षाअखेरच्या त्या एका आकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींचा मोबदला कालवलेला असतो: अंगमेहनतीचा, गुंतवलेल्या पैशाचा आणि घेतलेल्या जोखमीचा. इथे मेहनत मुख्यतः मास्टरची होती, पैसा जास्त अण्णाचा होता आणि जोखीम कुणाची हे अजून ठरलंच नव्हतं. मैत्रीत खटके उडतात ते या कालवणामुळे, आणि तेही पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी उत्साह असतो. दुसऱ्या मे महिन्यात, उकाड्यात रात्रपाळी चालू असताना, मास्टरच्या मनात ‘हा कुठं आहे?’ हा प्रश्न येतो.

मग एकट्यानं का नको? ती वाटही मांडून बघितली. मास्टरच्या 4 लाखांतले साडेतीन लाख सेकंडहँड मशिनी, ओव्हरलॉक, काज मशीन आणि कटिंग मशीन यांत जातात. उरतात 50 हजार. एवढ्यावर स्वतःचं कापड घेऊन माल करता येत नाही, कारण या धंद्यात पैसा भयंकर अडकतो. कापडाचे पैसे मार्च-एप्रिलपासून द्यावे लागतात, कारागिरांचा हिशेब दर शनिवारी चुकता करावा लागतो, आणि दुकानदार मात्र थोडे जूनमध्ये, थोडे गणपतीला आणि राहिलेले दिवाळीला देतो. त्यात कर्नाटकातल्या शाळा आपल्या आधी उघडतात, म्हणून तिकडचा माल मेच्या सुरुवातीलाच सोडावा लागतो. आमच्या मांडणीत मेअखेर 11 लाख अडकत होते. एकट्या मास्टरला फक्त जॉबवर्क शक्य होतं: वर्षभर मशिनी पळवून 20 हजार नग केले तरी 3 लाख 60 हजार, वजा 2 लाख खर्च. हातात 1 लाख 60 हजार. बँकेचं व्याज वाचलं असतं, पण तेवढ्यानं चित्र पालटत नाही.

अनुदानाच्या योजनेचाही विषय निघाला. पीएमईजीपीत नवीन उद्योगाला अनुदान मिळतं, पण तो अर्ज व्यक्तीच्या नावावर असतो. दोन मित्रांची भागीदारी फर्म त्यात बसत नाही. शिवाय अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत बांधून ठेवलेली असते. कुणीतरी सुचवलं, “कर्ज मास्टरच्या नावावर काढा, धंदा दोघं करा.” याला मी स्पष्ट नकार दिला. कर्ज एकाच्या डोक्यावर, मशिनी एकाच्या नावावर आणि नफ्यात दोघं, अशी रचना पहिल्या भांडणात मोडते. योजना घ्यायचीच असेल तर खरोखर एकट्यानं करावं आणि मित्राला भागीदार न करता वेगळ्या नात्यानं जोडावं.

ते वेगळं नातं कसं असेल, हे बघताना या प्रकरणातली खरी गोष्ट सापडली.

समजा धंदा एकट्या मास्टरचा आहे. अण्णाचे 6 लाख 12 टक्के व्याजानं उसने घेतले: वर्षाला 72 हजार. त्यानं आणलेल्या विक्रीवर 3 टक्के कमिशन, तेही वसूल झालेल्या रकमेवर: 26 लाखांवर 78 हजार. अण्णाला दीड लाख, मास्टरला 2 लाख 94 हजार.

आता समजा भागीदारी आहे, पण हिशेब नीट क्रमानं केलेला. आधी मास्टरला महिना 15 हजार पगार, मग दोघांच्या भांडवलावर 12 टक्के व्याज, आणि उरेल ते निम्मं-निम्मं. पगाराचे 1 लाख 80 हजार आणि व्याजाचे 1 लाख 20 हजार काढले की उरतात 1 लाख 44 हजार, प्रत्येकी 72 हजार. मास्टरला एकूण 3 लाख, अण्णाला 1 लाख 44 हजार.

दोन्ही वाटांनी जवळजवळ तेच आकडे! बरं वर्ष असेल तर उसनवारी आणि भागीदारी यांत फारसा फरक पडत नाही. म्हणून मी त्यांना वाईट वर्ष मांडायला सांगितलं. एका दुकानदारानं 2 लाख 40 हजार बुडवले असं धरू. उसनवारीच्या वाटेनं मास्टरच्या हाती साठेक हजार उरतात आणि अण्णाचे 1 लाख 43 हजार शाबूत राहतात. भागीदारीत दोघांना प्रत्येकी 1 लाख 20 हजारांची खोट बसते: मास्टरला 1 लाख 80 हजार मिळतात, अण्णाला 24 हजार.

आणि उधारी द्यायची कुणाला, हे कोण ठरवणार? अण्णा. दुकानात बसून चहा पिता पिता ‘पाठवतो की, दिवाळीला द्या’ असं म्हणणारा अण्णा. मास्टर तर त्या दुकानदाराचं तोंडही बघणार नाही. ज्याच्या शब्दावर उधारी जाते, त्याच्या खिशाला तिची झळ बसलीच पाहिजे. या एका कारणासाठी मी भागीदारीच्या बाजूनं कौल दिला. अण्णानं नुसता पैसा आणला असता आणि विक्री मास्टरच बघणार असता, तर माझा सल्ला उलटा असता: व्याजानं पैसे घे, लेखी करून घे, भागीदारी नको.

कागदावर काय घेतलं

भागीदारी कायदा 1932 चा आहे. कागदावर काही लिहिलं नसेल तर तो गृहीत धरतो की नफा समान, काम करणाऱ्याला पगार नाही आणि भांडवलावर व्याज नाही. म्हणजे तोंडी ‘निम्मं-निम्मं’चा अर्थ कायद्यानंही तोच, मास्टरला मारक ठरणारा. दुसरं म्हणजे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार संपूर्ण जबाबदार असतो. कापडवाल्याचे पैसे थकले तर तो अण्णाला सोडून एकट्या मास्टरकडून सगळे मागू शकतो. मित्रावर विश्वास आहे का, हा प्रश्न इथे अपुरा पडतो. त्याच्या सहीवर आपलं घर पणाला लावायची तयारी आहे का, असं विचारावं लागतं. फर्मची नोंदणी ऐच्छिक आहे, पण नोंदणी नसेल तर फर्मला दुकानदारावर बाकीसाठी दिवाणी दावा लावता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात ही ऐच्छिक गोष्ट टाळणं मला पटत नाही. त्यांनी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी केली. कर्नाटकात माल विकायचा म्हणजे उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नंबर लागतो, तो फर्मच्या पॅनवर घेतला. दोघांच्या 10 लाखांतले साडेतीन लाख मशिनींत गेल्यावर मेअखेरच्या 11 लाखांसाठी जे साडेचार लाख कमी पडत होते, ते फर्मच्या नावानं मुद्रा कर्जातून उभे केले, दोघांच्या सह्यांनी.

करातली एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. एकट्या मालकाचं उत्पन्न त्याच्या वैयक्तिक उत्पन्नात धरलं जातं, आणि नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत त्याला कर भरावा लागत नाही. भागीदारी फर्मला मात्र पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि वर उपकर. 1 लाख 44 हजार नफा फर्ममध्ये ठेवला तर 45 हजार करातच जातात. उपाय कायद्यातच आहे: भांडवलावर 12 टक्क्यांपर्यंत व्याज आणि काम करणाऱ्या भागीदारांना ठरलेल्या मर्यादेत मोबदला फर्मच्या खर्चात धरता येतो. पहिल्या 6 लाखांच्या पुस्तकी नफ्यावर ही मर्यादा 3 लाख किंवा नफ्याच्या 90 टक्के, जे जास्त असेल ते. फक्त तो मोबदला करारात लिहिलेला हवा. म्हणून मास्टरच्या पगाराशिवाय दोघांना प्रत्येकी 60 हजारांपर्यंत मोबदला लिहून ठेवला. फर्मकडे 24 हजार उरले आणि कर साडेसात हजारांवर आला. भागीदाराला वर्षात 20 हजारांहून जास्त पगार-व्याज दिलं तर 1 एप्रिल 2025 पासून 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. तो रिटर्न भरून परत मिळतो, पण कापायचा विसर पडता कामा नये.

आता करारातली दोन कलमं, जी मी आग्रहानं घालायला लावली. एक अण्णाच्या जोखमीचं: एका दुकानाला 1 लाखापर्यंत उधारी अण्णा देऊ शकतो, त्याहून जास्त उधारीला दोघांची व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी संमती हवी, नाहीतर जास्तीची रक्कम बुडाली तर देणाऱ्याच्या खात्यावर. दुसरं मास्टरच्या जोखमीचं. कापडाच्या थरांवर साइझचे फर्मे, म्हणजे कापायचे नमुने, मांडताना नगामागे 5 सेंटिमीटर कापड जास्त गेलं तर 10 हजार नगांत 500 मीटर जातं, आणि 110 रुपये मीटरनं ते 55 हजार होतात. पगार-व्याज वजा जाता उरणाऱ्या नफ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम चिंधीत जाते आणि कुणाला दिसतही नाही. म्हणून प्रत्येक कटिंगला किती मीटर घेतलं आणि किती नग निघाले, हे वहीत लिहायचं आणि वही अण्णानं महिन्यातून एकदा बघायची. मास्टरला आधी हे लागलं. “माझ्यावर नजर ठेवणार काय?” मी म्हटलं, “अण्णाच्या उधारीवर तुमची नजर, तुमच्या कटिंगवर त्याची.” मग त्यानं मानलं.

पहिला सीझन

गडद निळ्या पँटी आणि पांढरे शर्ट कुठल्याही शाळेला चालतात. पण चौकडीचा शर्ट एका ठरावीक शाळेचा असतो आणि खिशावर मोनोग्राम भरला की तो माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. कलबुर्गी भागातल्या एका दुकानदारानं अशाच एका शाळेची ऑर्डर दिली होती. 1 लाखाचा माल गेला. मेमध्ये त्यानं फोनवर आणखी 1 लाख 40 हजारांचा मागितला. मास्टरनं विचारलं, “आधीचे आले का?” अण्णा म्हणाला, “येतात बे, तू सोड गाडी.” लेखी काही नाही. त्या शाळेनं ऐनवेळी दुसरा दुकानदार नेमला आणि आपला माणूस माल घेऊन बसला.

दिवाळीपर्यंत 60 हजार रोख आले. 50 हजारांच्या निळ्या पँटी परत आल्या, त्या पुढच्या सीझनला विकता येणार होत्या. 1 लाख 30 हजारांचे चौकडी शर्ट त्याच शाळेचे, म्हणजे कायमचे पडून. पोत्यातून एक काढून बघितला: शिलाई नेटकी, काज एकसारखे, कॉलर ताठ, आणि खिशावरच्या पिवळ्या दोऱ्याच्या मोनोग्राममुळे किंमत शून्य. मोनोग्राम उसवला तर खिशावर सुईची भोकं राहतात आणि चौकडी तर बदलता येतच नाही.

इथे कराराची परीक्षा झाली आणि त्यात एक भोक निघालं. आलेले पैसे आधी कशात जमा धरायचे, मर्यादेतल्या 1 लाखात की वरच्या 1 लाख 40 हजारांत, हे लिहिलंच नव्हतं. मर्यादेत धरले तर सगळी खोट अण्णाच्या अंगावर, उलट धरले तर 30 हजारच. अण्णाचा मुद्दा असा की चलन मास्टरनंच फाडलं होतं, गाडीही त्यानंच सोडली. मुद्दा खोटा नव्हता. दोन तास बसून दोघांनी प्रमाणात वाटणी मान्य केली: 54 हजार फर्मचे, 76 हजार अण्णाचे. फर्मच्या वाट्यातले निम्मे धरता अण्णाला 1 लाख 3 हजार लागले, मास्टरला 27 हजार. अण्णाचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न 41 हजारांवर आलं. तो चिडला नाही असं नाही, पण ‘तू मला फसवलंस’ असं कुणी कुणाला म्हणू शकत नव्हतं, कारण दोघांनी नियम लिहिला तेव्हा दोघांनाही त्या दुकानदाराचं नाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या सीझनला करारात पुरवणी जोडली. मोनोग्राम किंवा ठरावीक चौकडीच्या मालाला निम्मी रक्कम ॲडव्हान्स आल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. दुकानाची बाकी समोर ठेवल्याशिवाय चलन फाडायचं नाही, हे काम मास्टरचं. वसुली आधी सर्वांत जुन्या बिलात जमा.

त्याच बैठकीत वेगळं होण्याचं कलमही बदललं. आधीच्या मसुद्यात 31 मार्चच्या ताळेबंदावर हिशेब होता. पण त्या दिवशी गोदाम कापडानं भरलेलं असतं, कापडवाल्याचं देणं अंगावर असतं आणि कुठला माल खपेल हे देवाला ठाऊक. त्या तारखेची किंमत दोघांपैकी एकाला फसवणारच. म्हणून तीन महिन्यांची नोटीस आणि हिशेब दिवाळीनंतर, वसुली आटोपल्यावर. मशिनी बाजारातल्या सेकंडहँड भावानं, जुनी येणी जशी येतील तशी वाटून, पडून असलेला माल नगानं वाटून, आणि साइझचे फर्मे मास्टरकडे.

दोघांतला एक वारला तर काय, हे विचारताना दोघंही अवघडले, पण ते टाळून चालत नाही. भागीदारीला किमान दोघं लागतात, त्यामुळे दोनच भागीदारांची फर्म एकाच्या मृत्यूबरोबर संपतेच. करारात ‘फर्म चालू राहील’ असं लिहून उपयोग नाही. राहिलेल्यानं एकट्याच्या मालकीत धंदा पुढं न्यायचा, नवा जीएसटी नंबर घ्यायचा आणि गेलेल्याच्या घरच्यांना भांडवल बारा महिन्यांच्या हप्त्यांत द्यायचं, असं लिहिलं. एवढा पैसा सीझनमध्ये एकदम काढला तर कारखाना बंद पडेल, म्हणून दोघांनी आपापल्या भांडवलाएवढा टर्म इन्शुरन्स घरच्यांच्या नावे उतरवला आणि पुरवणीवर दोघांच्या बायकांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या.